‘सेल्सचा डेटा पाठवा ना’: सहकाऱ्याकडून रिपोर्ट मागताना निरोप कसा लिहावा

अकाउंट्समध्ये नवीन रुजू झालेल्या माणसाकडे पहिल्याच महिन्यात एक काम येतं, ते म्हणजे दुसऱ्या विभागाकडून किंवा शाखेकडून आकडे गोळा करणं. मग व्हॉट्सअॅपवर असा निरोप जातो:

> दादा, जूनचा सेल्सचा डेटा पाठवून ठेवा ना. जरा अर्जंट आहे.

निरोप नम्र आहे, थोडक्यात आहे. तरीही पलीकडच्या माणसाला त्यावरून काम सुरू करता येत नाही. जूनमध्ये आलेल्या ऑर्डरी द्यायच्या, फाडलेली बिलं द्यायची, की गोडाऊनमधून निघालेला माल? करासह की कराशिवाय? परत आलेला माल वजा करून की तसाच? आणि अर्जंट म्हणजे आज संध्याकाळी की या आठवड्यात? खरं तर हे सगळे निर्णय मागणाऱ्याने घ्यायचे असतात, आणि अशा निरोपातून ते न सांगता दुसऱ्यावर ढकलले जातात. तो बिचारा अंदाजाने काहीतरी पाठवतो. ते उपयोगी पडत नाही, मग पुन्हा निरोप जातो, आणि तिसऱ्या फेरीला दोघांचाही आवाज चढतो.

हाच एक निरोप घेऊन तो पायरीपायरीने दुरुस्त करू. समजा, पंपाचे सुटे भाग विकणारी एक पेढी आहे. मुख्य कार्यालय पुण्यात, शाखा कोल्हापूरला. दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रातच असल्याने जीएसटी नोंदणी एकच आणि रिटर्नही एकच. उलाढाल आजवर कधीच ५ कोटींच्या वर गेलेली नाही, त्यामुळे ई-इनव्हॉइस लागू नाही आणि बिलांची माहिती पोर्टलवर आपोआप येऊन पडत नाही. रिटर्न दर महिन्याला भरलं जातं. कोल्हापूरची बिलं कोल्हापुरातच निघतात. तिथले दादा बिलिंग आणि डिस्पॅच दोन्ही बघतात. तुम्ही पुण्यात आहात आणि जून २०२५ चं जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न, तुम्हाला तयार करायचं आहे.

आधी रिकामा तक्ता काढा

निरोप लिहायला बसण्यापूर्वी एक्सेल उघडा आणि हाती आलेली माहिती शेवटी कुठे जाऊन बसणार आहे ते पाहा. इथे ती जीएसटीआर-१ मध्ये बसणार आहे. या रिटर्नमध्ये नोंदणीकृत ग्राहकांची विक्री बिलवार दाखवावी लागते. नोंदणी नसलेल्या ग्राहकांची किरकोळ विक्री मात्र राज्यवार आणि करदरवार एकत्र बेरजेने चालते. अपवाद एवढाच, की परराज्यातल्या अशा ग्राहकाचं १ लाखाच्या वरचं बिल वेगळं दाखवावं लागतं. माल परत आला म्हणून नोंदणीकृत ग्राहकांना दिलेल्या क्रेडिट नोटा स्वतंत्र जातात. मालाचा एचएसएनवार गोषवारा, म्हणजे मालाच्या वर्गीकरण क्रमांकाप्रमाणे बेरीज, लागतो. शिवाय कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बिलं काढली आणि त्यातली किती रद्द झाली, हेही लिहावं लागतं.

एवढं कागदावर उतरलं की मागणी आपोआप आकार घेते. दोन गोष्टी तर लगेच लक्षात येतात. पहिली, कोल्हापूरच्या काउंटरवरची किरकोळ बिलं एकेक करून उतरवून घ्यायची गरज नाही, दरवार बेरीज पुरते. शाखेत ही बिलं हाताने लिहिलेल्या बिलबुकात असतील, तर तुमच्या या एका वाक्याने दादांचा अर्धा दिवस वाचेल. दुसरी गोष्ट, रद्द बिलांची यादी मागायलाच हवी. नवख्या माणसाच्या हातून हीच बाब सर्वांत जास्त वेळा सुटते, कारण ‘विक्री’ मागितली तर रद्द बिल कुणी कशाला पाठवेल? मग बिलांच्या क्रमात मधले दोन नंबर गायब दिसतात आणि ते रद्द झाले की पाठवायचे राहिले, हे पुण्यात बसून कळत नाही.

रिकामा तक्ता काढताना हात अडखळला, कोणता रकाना लागेल हे ठरेना, तर आपल्या करसल्लागाराला किंवा वरिष्ठाला विचारा. तुमचंच ठरलेलं नसताना कोल्हापूरला निरोप धाडू नका.

विक्री कोणती, ते स्पष्ट करा

एकाच महिन्याच्या ‘सेल्स’चे चार वेगवेगळे आकडे निघू शकतात आणि चारही खरे असतात. मार्केटिंगवाल्याच्या लेखी ऑर्डर आली की विक्री झाली. डिस्पॅचवाल्याच्या लेखी टेम्पो गेटबाहेर पडला की झाली. अकाउंट्समध्ये बिल फाटलं की झाली, आणि मालकांच्या मनात पैसे खात्यात आले की झाली. म्हणून निरोपात ‘सेल्स’ हा शब्द एकटा सोडू नका. ‘१ ते ३० जून २०२५ या बिल तारखेची सर्व विक्री बिलं’ असं लिहा. आपल्याला बिलाची तारीख हवी आहे हे सांगितलं, की ३० जूनला बिल काढलं आणि टेम्पो १ जुलैला सकाळी निघाला, अशा व्यवहाराचा प्रश्न राहत नाही. तो जूनमध्येच येतो.

रकमेचंही तसंच. ४०,००० रुपयांचा माल, १८ टक्के कर, म्हणजे बिल ४७,२०० चं. यातली कोणती रक्कम हवी? रिटर्नसाठी करपात्र रक्कम आणि कर वेगवेगळे लागतात. नुसती ४७,२०० ही रक्कम आली, तर मागे जाऊन कर वेगळा काढत बसावं लागतं, आणि एकाच बिलात दोन दरांचा माल असेल तर तोही मार्ग बंद.

परत आलेल्या मालाबद्दल एक वाक्य नक्की लिहा: ‘क्रेडिट नोटा विक्रीतून वजा करू नका, वेगळ्या शीटवर द्या.’ चांगल्या हेतूने, तुमचं काम हलकं व्हावं म्हणून, लोक वजा करून निव्वळ आकडा पाठवतात. एकदा का तो वजा झाला, की मूळ बिल कितीचं होतं आणि किती परत आलं हे त्या फाइलमधून पुन्हा उकलता येत नाही.

कालावधी लिहिताना ‘गेल्या महिन्याचा’, ‘या वर्षीचा’, ‘पहिल्या क्वार्टरचा’ असे शब्द टाळा. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, पण परदेशी मुख्यालय असलेल्या कंपनीत पहिला क्वार्टर जानेवारीपासूनही मोजतात. दोन तारखा लिहिल्या की वाद मिटतो.

कशासाठी हवं, ते एका वाक्यात

कारण सांगणं ही औपचारिकता आहे असं पुष्कळांना वाटतं, म्हणून ते गाळलं जातं. मला तर संपूर्ण निरोपात हेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. कारण तुम्ही मागायला विसरलात ते फक्त या वाक्यामुळे भरून निघू शकतं. दादांना ‘जीएसटीआर-१ भरायचंय’ हे कळलं, की ते स्वतःहून सांगतील, ‘अहो, निपाणीच्या त्या पार्टीचा जीएसटी नंबर जूनमध्ये बदललाय, नवा देतो.’ किंवा म्हणतील, ‘बेळगावला दोन बिलं चुकून राज्यातला कर लावून गेली होती, ती रद्द करून नवी काढलीत.’ ही माहिती कोणत्याही रकान्यात बसत नाही. ती फक्त त्या माणसाच्या डोक्यात असते आणि कारण कळलं तरच बाहेर येते.

कारण लांबवू मात्र नका. ‘सरांनी सांगितलंय’ हे कारण नव्हे, त्यातून फक्त दबाव पोहोचतो. ‘ऑफिसला हवंय’ हेही नव्हे. माहिती कोणत्या कागदात जाणार, एवढं एका वाक्यात सांगितलं की पुरे.

फाइल कशी हवी

‘एक्सेलमध्ये पाठवा’ एवढ्याने काम होत नाही. रजिस्टरचा मोबाइलवर काढलेला फोटो एक्सेलच्या शीटवर चिकटवला तरी ती एक्सेल फाइलच असते. म्हणून तुम्ही सुरुवातीला काढलेला रिकामा तक्ता निरोपाला जोडा, त्यात नमुन्याच्या दोन ओळी भरून. एक ओळ महाराष्ट्रातल्या ग्राहकाची, जिथे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतात. दुसरी बेळगाव किंवा गोव्यातल्या ग्राहकाची, जिथे आयजीएसटी लागतो. नमुना बघून भरणं हे सूचना वाचून भरण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

आपल्या तक्त्यात हे रकाने असतील: बिल क्रमांक, बिल तारीख, ग्राहकाचं नाव, जीएसटी क्रमांक, पुरवठ्याचं राज्य, कराचा दर, करपात्र रक्कम, आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी, बिलाची एकूण रक्कम. एका बिलात दोन दर असतील तर दोन ओळी. अशा बिलाची एकूण रक्कम दोनदा येईल, म्हणून बेरीज पडताळायची ती करपात्र रकमेची, शेवटच्या रकान्याची नाही.

तीन बारकावे निरोपात लिहिण्यासारखे आहेत. तारीख महिन्याच्या नावासह मागा, म्हणजे 07-Jun-2025 अशी. नुसतं ०७/०६ असेल तर संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ते ६ जुलै होऊन बसू शकतं. जीएसटीच्या ऑफलाइन टूललाही महिन्याचं नाव असलेलीच तारीख लागते. बिल क्रमांकाचा रकाना टेक्स्ट ठेवायला सांगा. नाहीतर 0045 चं 45 होतं, आणि 7-25 असा क्रमांक असेल तर एक्सेल त्याला तारीख समजून Jul-25 करून टाकतं. आणि रकमा पूर्ण रुपयांत मागा, लाखांत नकोत.

हे सगळं मागण्याआधी एक छोटा फोन करा: ‘दादा, तुमची बिलं कशात असतात?’ शाखेत टॅली असेल आणि सेल्स रजिस्टर थेट एक्सेलमध्ये निघत असेल, तर तुमच्या तक्त्यात पुन्हा टायपिंग करायला लावणं चुकीचं आहे. हाताने उतरवताना चुका वाढतात आणि माणूस वैतागतो. तेव्हा म्हणा, ‘टॅलीतून निघतं तसंच पाठवा, रकाने मी लावून घेईन. फक्त जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम त्यात दिसू द्या.’ आपल्या सोयीचा साचा आणि समोरच्याचे कष्ट यांच्यात निवड करायची वेळ आली, तर आपण दहा मिनिटं जास्त घालवलेली बरी. तुम्ही नवीन आहात आणि हीच मागणी दर महिन्याला जाणार आहे.

मुदत ११ तारखेपासून मागे मोजा

‘अर्जंट’, ‘लवकरात लवकर’, ‘जमेल तसं’ हे शब्द काढून टाका. ‘आज संध्याकाळपर्यंत’सुद्धा धोक्याचंच. कुणाची संध्याकाळ साडेपाचला असते, कुणाची दुकान वाढवताना. वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहा. वार आणि तारीख दोन्ही दिल्याने एक फायदा होतो: तुमच्याकडून एखादी चूक झालीच, तर वाचणाऱ्याला विसंगती दिसते आणि तो विचारतो.

तारीख मात्र मनाने ठरवू नका. महिन्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे इथे शुक्रवार, ११ जुलै. शेवटच्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते, म्हणून १० ला भरून टाकायचं ठरवू. करसल्लागाराला तपासायला एक पूर्ण दिवस हवा, म्हणजे त्यांच्याकडे बुधवारी, ९ तारखेला सकाळी फाइल पोहोचली पाहिजे. पुण्याची आणि कोल्हापूरची बिलं एकत्र करून जुळवायला तुम्हाला मंगळवार लागेल. म्हणून कोल्हापूरची फाइल सोमवार, ७ जुलै, दुपारी ३ पर्यंत हवी. दुपारी ३ का? काही राहिलं असेल तर विचारायला त्याच दिवशी दोन तास हातात असावेत, म्हणून.

आता दादांच्या बाजूने कॅलेंडर पाहा. ६ जुलैला रविवार आहे आणि आषाढी एकादशीही. कोल्हापूरकडून पंढरपूरला जाणारे पुष्कळ, म्हणजे शनिवारीही शाखेत माणसं कमी असू शकतात. तेव्हा हा निरोप शुक्रवारी पाठवून सोमवारची मुदत देणं अन्यायाचं होईल. महिना संपला की लगेच, मंगळवारी १ जुलैला पाठवा.

मुदत चुकली तर काय होईल हेही अर्ध्या ओळीत लिहा, पण खरं तेच लिहा. आपण ११ च्या आत रिटर्न भरलं, तर आपली बिलं १४ तारखेला ग्राहकांच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटच्या त्यांच्या विवरणात, दिसतात. चुकलं, तर त्यांचं क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि मग ते कराची रक्कम रोखून धरतात. वसुलीचे फोन अखेर कोल्हापूरच्या शाखेलाच करावे लागतात. दादांना हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून हे कारण ‘अर्जंट’पेक्षा लवकर पोहोचतं.

आता निरोप लिहून काढा

वरचं सगळं ठरलं, की लिहायला पाच मिनिटं लागतात. ईमेलवर असा:

> विषय: कोल्हापूर शाखा, जून २०२५ ची विक्री बिलं (जीएसटीआर-१ साठी), सोमवार ७ जुलै दुपारी ३ पर्यंत
>
> दादा, नमस्कार.
>
> जूनचं जीएसटीआर-१ तयार करतेय. त्यासाठी कोल्हापूरची १ ते ३० जून २०२५ या बिल तारखेची विक्री हवी आहे. सोबतच्या एक्सेलमध्ये चार शीट आहेत:
>
> १. जीएसटी नंबर असलेल्या ग्राहकांची बिलं, एकेका बिलाची ओळ. बिलात दोन दर असतील तर दोन ओळी. नमुन्याच्या दोन ओळी भरून ठेवल्यात.
>
> २. काउंटरची किरकोळ विक्री. इथे बिलं उतरवू नका, दराप्रमाणे फक्त बेरीज द्या. परराज्यातलं १ लाखावरचं बिल असेल तर तेवढं वेगळं लिहा.
>
> ३. जूनमध्ये काढलेल्या क्रेडिट नोटा. विक्रीतून वजा करू नका.
>
> ४. पहिला आणि शेवटचा बिल क्रमांक, मधली रद्द बिलं, आणि त्याच क्रमातल्या किरकोळ बिलांचे फक्त क्रमांक.
>
> एचएसएनचा गोषवारा टॅलीतून निघतो तसा पाठवला तरी चालेल.
>
> फाइल सोमवारी, ७ तारखेला दुपारी ३ पर्यंत मिळाली तर मंगळवारी पुण्याच्या बिलांबरोबर जुळवून बुधवारी सकाळी करसल्लागारांकडे देता येईल. ११ च्या आत भरलं नाही तर ग्राहकांचं क्रेडिट अडकतं. पूर्ण व्हायला अडचण दिसली तर पहिली शीट आधी पाठवा, बाकीच्या मंगळवारी सकाळी चालतील.
>
> यातलं काही तुमच्याकडे वेगळ्या पद्धतीने असेल किंवा ही तारीख जमणार नसेल, तर गुरुवारपर्यंत सांगाल का? त्याप्रमाणे बदल करू.

हा निरोप पहिल्या वेळचा आहे, म्हणून लांब आहे. विषयाच्या ओळीत काय, कशासाठी आणि कधी हे तिन्ही आलंय, त्यामुळे फोनवर नुसती सूचना वाचणाऱ्यालाही अर्धं काम कळतं. ‘पहिली शीट आधी’ या वाक्याकडे नीट पाहा. समोरच्याला वेळ कमी पडला तर कशाला प्राधान्य द्यायचं हे तुम्हीच सांगून ठेवलंय. हे सांगितलं नाही, तर माणूस सगळं पूर्ण होईपर्यंत काहीच पाठवत नाही. आणि ‘गुरुवारपर्यंत सांगाल का’ हा प्रश्न म्हणजे नुसती शिष्टाई नाही. सोमवारी दुपारी ‘जमलं नाही’ हे कळण्यापेक्षा गुरुवारी कळलं तर वाट काढता येते.

ईमेल गेल्यावर व्हॉट्सअॅपवर एक ओळ पुरते: ‘दादा, जूनच्या बिलांसाठी मेल केलाय, तक्ता जोडलाय. सोमवारी ३ पर्यंत हवं आहे. काही शंका असेल तर फोन करा.’ फाइल व्हॉट्सअॅपवरच मागवली, तर दोन महिन्यांनी तपासणीच्या वेळी ती शोधताना जीव मेटाकुटीला येतो. निरोप थेट काम करणाऱ्या माणसाला जाऊ दे. त्यांच्या साहेबांना पहिल्याच निरोपात सीसीमध्ये घातलं, तर ती तक्रारीची पूर्वतयारी वाटते. मात्र काम अर्ध्या दिवसाहून जास्त असेल, तर साहेबांना आधी विचारून घेणंच योग्य.

वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाला ‘पाठवाल का’, बरोबरीच्या मैत्रिणीला ‘पाठवशील का’. भाषा नात्याप्रमाणे बदलू द्या, पण तारीख, रकाने आणि कारण बदलू नका. मैत्री आहे म्हणून लोक नेमका हाच तपशील गाळतात, आणि मग त्या मैत्रिणीलाच चार वेळा फोन करतात.

तीच विक्री, पण काम वेगळं

कारण बदललं की मागणी किती बदलते, हे पाहण्यासाठी दुसरा एक निरोप घेऊ. कॅश क्रेडिट खात्यासाठी बँकेला दर महिन्याला साठ्याचं आणि येणे बाकीचं विवरण द्यावं लागतं. त्यासाठी वसुली बघणाऱ्या मॅडमना निरोप जातो, ‘मॅडम, आउटस्टँडिंगची लिस्ट द्या ना.’

इथे कालावधी नसतो, एक दिवस असतो: ३० जूनअखेर. ती तारीख लिहिली नाही तर मॅडम ज्या दिवशी रिपोर्ट काढतील त्या दिवसाची बाकी येईल, आणि मधल्या आठवड्यात जमा झालेले पैसे त्यातून गेलेले असतील. इथे रक्कम करासहित लागते, कारण ग्राहकाकडून येणं आहे ते पूर्ण ४७,२०० आहे. जीएसटी नंबर लागत नाही, एचएसएन लागत नाही. लागतं ते बाकीचं वय. बँका सहसा ९० दिवसांवरची येणी कर्जमर्यादेच्या हिशेबात धरत नाहीत. नेमकी अट तुमच्या मंजुरीपत्रात असते, ती वाचून घ्या. हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की देय तारखेपासून, हेही तिथूनच ठरवा. ४५ दिवसांच्या उधारीवर दिलेला माल एका पद्धतीने ९० च्या आत आणि दुसरीने बाहेर जाऊ शकतो. मग निरोप असा होतो:

> मॅडम, बँकेच्या जूनच्या स्टॉक स्टेटमेंटसाठी ३० जून २०२५ अखेरची येणे बाकी हवी आहे. ग्राहकवार, करासहित, पूर्ण रुपयांत. बिल तारखेपासून ९० दिवसांपर्यंतची आणि ९० च्या वरची असे दोन रकाने. ग्राहकांचे आगाऊ आलेले पैसे यात वजा न करता खाली वेगळे दाखवाल का? टॅलीतून काढलेलं एक्सेल चालेल. स्टेटमेंट १० तारखेला बँकेत द्यायचं आहे, म्हणून मंगळवार ८ जुलै, सकाळी ११ पर्यंत मिळालं तर बरं.

दोन्ही निरोपांचा उगम एकच, विक्रीची बिलं. पण एकासाठी आलेली फाइल दुसऱ्यासाठी चालणार नाही. ‘एकदाच सगळा डेटा मागून ठेवू, नंतर बघू’ हा विचार म्हणूनच महाग पडतो. पाठवणाऱ्याला चाळीस रकाने काढावे लागतात आणि हवा तो एकेचाळिसावा निघतो. त्यात ग्राहकांचे फोन नंबर, दराच्या सवलती अशा गोष्टी गरज नसताना चार ठिकाणी फिरतात.

प्रत्येक वेळी एवढं लिहायची गरज नसते. ‘दादा, जूनचं शेवटचं बिल कितव्या नंबरचं?’ हा प्रश्न जसा आहे तसाच पूर्ण आहे, तो फोनवर विचारा. ज्याचं उत्तर एका आकड्यात येत नाही आणि ज्यावरून पुढे कागद तयार होणार आहे, अशाच मागणीला हा खटाटोप.

फाइल येण्याआधी आणि आल्यावर

शुक्रवारी, ४ तारखेला एक आठवण करा, पण ‘पाठवलं का?’ असं विचारू नका, मुदत अजून संपलेली नाही. ‘दादा, तक्त्यात कुठे अडलंय का?’ असं विचारा. अडलेलं असेल तर ते याच प्रश्नाला बाहेर येतं. सोमवारी ३ वाजून गेले आणि काही आलं नाही, तर मेल न करता फोन करा आणि फक्त पहिली शीट मागा.

फाइल आली की उघडून तेव्हाच तपासा, मंगळवारी नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचाच असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने, कर्नाटकाचा २९ ने, गोव्याचा ३० ने सुरू होतो. तारीख आणि रक्कम ही एक्सेलच्या दृष्टीने संख्या असली पाहिजे. टेक्स्ट म्हणून आलेल्या रकमा बेरजेत धरल्याच जात नाहीत, आणि बेरीज गुपचूप कमी येते. आपल्या तक्त्यात दुसरा रकाना तारखेचा, चौथा जीएसटी क्रमांकाचा आणि सातवा करपात्र रकमेचा आहे, म्हणून:

```
=LEN(D2)
=ISNUMBER(B2)
=ISNUMBER(G2)
```

पहिल्याचं उत्तर 15 आणि उरलेल्या दोन्हींचं TRUE यायला हवं. खालपर्यंत ओढा, वेगळं दिसेल तिथे थांबा. १५ ऐवजी १६ आलं तर बहुधा शेवटी एक मोकळी जागा टाइप झालेली असते, ती तुम्हीच काढून टाका. त्यानंतर बिलांचे क्रमांक ओळीने लावा आणि मधले गायब नंबर रद्द बिलांच्या आणि किरकोळ बिलांच्या यादीशी ताडून पाहा. शेवटी करपात्र रकमेची बेरीज दादांच्या टॅलीतल्या बेरजेशी फोनवर जुळवा.

त्रुटी सापडल्या तर एकेक करून कळवू नका. सगळ्या गोळा करा आणि ओळ क्रमांकासह एकदाच पाठवा: ‘दादा, फाइल मिळाली, धन्यवाद. तीनच शंका आहेत. ओळ १८: जीएसटी नंबर १४ अक्षरी दिसतोय. ओळ ३१: तारीख जुलैची आहे. बिल ०११२ कोणत्याच यादीत नाही, रद्द झालंय का? आज साडेपाचपर्यंत कळवाल?’ काहीच शंका नसेल तरी ‘बेरीज जुळली, पुढे काही लागणार नाही’ एवढं कळवा, म्हणजे त्यांना ती कागदपत्रं बाजूला ठेवता येतात.

रिटर्न भरून झालं की त्याच फाइलची रिकामी प्रत करून ठेवा. या वेळी ज्या शंका निघाल्या, त्यांची उत्तरं नमुन्याच्या ओळींमध्ये घाला. १ ऑगस्टला तीच फाइल तीन ओळींच्या मेलसोबत जाईल, फक्त महिना आणि मुदत बदलून. ऑगस्टची ११ तारीख सोमवारी येते, शिवाय ९ तारखेला दुसरा शनिवार आणि राखीपौर्णिमा आहे. त्यामुळे त्या वेळी कोल्हापूरची फाइल मंगळवार, ५ ऑगस्टलाच मागावी लागेल.